कंपनीच्या खर्चाने ‘लेव्हल टू’: मागणी कशी मांडावी

भोसरी, चाकण, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात टाक्या, प्रेशर व्हेसल आणि हीट एक्स्चेंजर बनवणारी छोटी-मध्यम वर्कशॉप्स शेकड्याने आहेत. त्यातल्या बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. नोझलचे वेल्डिंग संपते, आणि जॉब डीपी टेस्टसाठी थांबतो. बाहेरच्या संस्थेचा लेव्हल टू माणूस यायचा असतो. तो येतो, लाल पेनेट्रंट मारतो, पुसतो, पांढरा डेव्हलपर फवारतो, कुठे लाल रेघ उमटते का ते पाहतो आणि रिपोर्टवर सही करतो. शेजारी कंपनीचा क्वालिटी इन्स्पेक्टर उभा असतो. हे काम त्याने कितीतरी वेळा पाहिलेले असते, पण सही करायचा अधिकार त्याला नसतो.

हा इन्स्पेक्टर एके दिवशी साहेबांकडे जाऊन म्हणतो, “सर, मला लेव्हल टूचा कोर्स करायचाय, कंपनीने फी भरली तर बरं होईल.” साहेब म्हणतात, “बघू.” विषय बहुधा तिथेच संपतो. त्यात साहेबांचा दोष कमी असतो. त्यांच्यासमोर आलेली असते फक्त एक फी आणि दोन दिवसांची रजा. त्या बदल्यात कंपनीला काय मिळणार, कधी मिळणार, हे कुणीच मांडलेले नसते. ते कसे मांडायचे, हे याच एका उदाहरणावरून सविस्तर पाहू. दुसऱ्या एखाद्या कोर्सचे आकडे वेगळे असतील, पण डीपी टेस्टच्या बाबतीत एक अशी गाठ आहे की जी न सोडवता फी मागितली, तर पैसे खर्च होऊनही हाती काही लागत नाही. म्हणून आधी ती गाठ.

आपल्याकडे एनडीटीची, म्हणजे वस्तू न तोडता केलेल्या चाचणीची, पात्रता बहुतेक वर्कशॉप्समध्ये अमेरिकन सोसायटीच्या एसएनटी-टीसी-१ए या शिफारशीनुसार ठरते. तिचा पाया असा आहे की माणसाला प्रमाणित करतो तो त्याचा मालक. कोर्स चालवणारी संस्था शिकवते, परीक्षा घेते आणि कागद देते. पण ‘हा माणूस आमच्याकडे लेव्हल टू म्हणून काम करू शकतो’ ही सही कंपनीचीच असावी लागते. त्यासाठी कंपनीकडे ‘रिटन प्रॅक्टिस’ नावाचा लेखी दस्तऐवज हवा. प्रशिक्षण किती तास, अनुभव किती तास, परीक्षा कशी, डोळे कधी तपासायचे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. तो दस्तऐवज आणि परीक्षा यांच्यामागे एक लेव्हल थ्री माणूस लागतो. छोट्या कंपनीत असा माणूस पगारावर नसतो, तो बाहेरून करारावर घेता येतो.

हे ठाऊक नसले की काय होते? मुलगा शनिवार-रविवार कोर्स करून सुंदर छापलेले प्रमाणपत्र आणतो, सोमवारी स्वतः टेस्ट करून रिपोर्टवर सही करतो. पुढच्या महिन्यात ग्राहकाचा थर्ड पार्टी इन्स्पेक्टर येतो आणि विचारतो, “तुमची रिटन प्रॅक्टिस दाखवा. अनुभवाची नोंद कुठे आहे? डोळ्यांचा या वर्षीचा दाखला?” यातले काहीच नसते. सगळे रिपोर्ट बाद होतात, आणि रंग मारून तयार झालेल्या टाक्यांचे सांधे पुन्हा घासून तपासावे लागतात. यानंतर त्या कंपनीत प्रशिक्षणाचा अर्ज पुन्हा मंजूर व्हायला फार वेळ लागतो. त्यामुळे मागणी फक्त कोर्सची करू नये. ती कंपनीची स्वतःची डीपी टेस्ट उभी करण्याची करावी, आणि कोर्स हा तिचा एक टप्पा म्हणून दाखवावा.

आता तासांचा हिशेब. नेहमीच्या तक्त्यानुसार डीपी टेस्टसाठी लेव्हल वनला ४ तास आणि लेव्हल टूला ८ तास प्रशिक्षण लागते. थेट लेव्हल टू व्हायचे तर दोन्हींची बेरीज, म्हणजे १२ तास. हे दोन दिवसांत बसते, आणि म्हणूनच लोकांना वाटते की काम सोपे आहे. खरा वेळ अनुभवाला लागतो. थेट लेव्हल टूसाठी डीपी टेस्टचा प्रत्यक्ष अनुभव ७० अधिक १४० असा २१० तास हवा, आणि एनडीटीचा एकूण अनुभव १३० अधिक २७० असा ४०० तास. उरलेले १९० तास दुसऱ्या पद्धतीत भरले तरी चालतात. वेल्डची डोळ्यांनी केलेली तपासणी हीसुद्धा एनडीटीचीच एक पद्धत आहे. क्वालिटी इन्स्पेक्टर ती रोज करतो, पण बहुतेक जण तिची तासानुसार नोंद ठेवत नाहीत. ती आजपासून ठेवायला लागा. कोणते तास धरायचे हे शेवटी तुमच्या रिटन प्रॅक्टिसमध्ये काय लिहिले आहे आणि लेव्हल थ्री काय मान्य करतो यावर ठरते, म्हणून त्याच्याशी हे आधीच बोलून घ्यावे.

डीपी टेस्टचे २१० तास कुठे मिळणार? उत्तर समोरच आहे. बाहेरच्या संस्थेचा लेव्हल टू माणूस येतो, तेव्हा नुसते शेजारी उभे न राहता त्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षणार्थी म्हणून काम करायचे: सांधा साफ करणे, पेनेट्रंट किती मिनिटे ठेवायचा ते घड्याळ लावून पाहणे, फडक्याने पुसताना सॉल्व्हंट थेट सांध्यावर न फवारणे, डेव्हलपर सुकल्यावर ठरलेल्या वेळात वाचन घेणे. प्रत्येक वेळी वहीत तारीख, जॉब क्रमांक, तास आणि त्याची सही. त्या संस्थेशी हे आधी बोलावे लागते, कारण तुम्ही शिकलात की त्यांच्या व्हिजिट कमी होणार आहेत. तरीही बहुतेक संस्था तयार होतात. अल्ट्रासॉनिक आणि रेडिओग्राफीचे मोठे काम त्यांच्याकडेच राहणार असते. रेडिओग्राफी घरात आणण्याची भाषा अर्जात करूच नये. त्याला अणुऊर्जा नियामक परिषदेचे परवाने लागतात, आणि एवढा मोठा विषय पाहून छोटा विषयही बाजूला पडतो.

आता पैसे. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या अकाउंट्समधून, गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरून काढा. अंदाजाने सांगितलेला आकडा साहेब मानत नाहीत. बिलांची बेरीज मानावीच लागते.

समजा महिन्याला सहा व्हिजिट होतात आणि एका व्हिजिटचे ४,५०० रुपये जातात. महिन्याचे २७,००० झाले. इथे बहुतेक अर्ज चुकतात: हे सगळे २७,००० वाचतील असे लिहून मोकळे होतात. खरे तर सहापैकी दोन व्हिजिट अशा ग्राहकाच्या आहेत, ज्याच्या क्वालिटी प्लॅनमध्येच ‘चाचणी बाहेरच्या संस्थेकडून’ असे लिहिले आहे. त्या थांबणार नाहीत. म्हणून आधी प्रत्येक मोठ्या ग्राहकाचा क्वालिटी प्लॅन उघडा आणि डीपी टेस्टसमोर काय लिहिले आहे ते वाचा. शंका असेल तर त्यांच्या इन्स्पेक्टरला ई-मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. ते उत्तर अर्जाला जोडले, की ‘ग्राहक मान्य करेल का’ हा प्रश्न उरतच नाही.

म्हणजे वाचण्याजोग्या व्हिजिट चार, रक्कम १८,०००. यातूनही वजाबाकी आहे. पेनेट्रंट, क्लीनर आणि डेव्हलपरचे डबे आधी संस्था आणत होती, आता कंपनीला घ्यावे लागतील. एका व्हिजिटच्या कामाला १,५०० धरले तर महिन्याला ६,०००. तुमचा वेळही फुकट नाही. एका कामाला पाच तास, चार कामांना वीस तास, तासाला १५० रुपये पडत असतील तर ३,०००. उरले ९,०००. महिन्याला ९,००० हा आकडा २७,००० पेक्षा लहान दिसतो, पण तो टिकतो. साहेब त्यात खोट काढायला बसले तर त्यांना तुम्ही आधीच केलेली वजाबाकी सापडते, आणि बाकीच्या कागदावरही विश्वास बसतो.

खर्चाच्या बाजूला कोर्सची फी १२,००० धरू. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१६० रुपये लागतात. बिल कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह घेतले, तर त्या कराचे क्रेडिट कंपनीला सहसा घेता येते. स्वतःच्या नावावर बिल घेऊन नंतर परतफेड मागितली तर ते हातचे जाते. ही छोटी गोष्ट अकाउंट्सवाल्यांना पहिल्याच ओळीत सांगितली तर ते तुमच्या बाजूने बोलतात. कोर्सच्या दोन दिवसांचा पगार २,४०० आणि डोळ्यांची तपासणी ५००. ही तपासणी साधी असली तरी जवळचे बारीक अक्षर आणि रंगांतला फरक दिसतो का हे तीत पाहतात, आणि जवळच्या नजरेची तपासणी दरवर्षी करावी लागते. रंगांत अडचण असलेल्या माणसाने ती फी भरण्याआधीच करून घ्यावी, कारण ही चाचणी पांढऱ्यावरचा लाल ओळखण्याचीच आहे. पुढे लेव्हल थ्रीकडून रिटन प्रॅक्टिस तयार करून घेण्याचे १५,०००, नंतर परीक्षा घेण्याचे १०,०००, परीक्षेच्या दिवसाचा पगार १,२०० आणि सरावासाठी भेगा असलेले नमुना तुकडे ३,९००. एकूण ४५,०००.

महिन्याला ९,००० वाचत असतील तर ४५,००० पाच महिन्यांत वसूल. पण ही पाच महिन्यांची गोष्ट लगेच सुरू होत नाही. सहा व्हिजिट गुणिले पाच तास म्हणजे महिन्याला ३० तास. २१० तास भरायला सात महिने. सात आणि पाच बारा. म्हणजे अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्षाने कंपनीचे पैसे परत आलेले असतील, आणि दुसऱ्या वर्षी १,०८,००० रुपये वाचतील. त्यातून लेव्हल थ्रीचा वर्षाचा काही खर्च आणि डोळ्यांची तपासणी वजा होईल. पहिल्या वर्षी फायदा शून्य, असे अर्जात स्पष्ट लिहा. मला विचाराल तर सगळ्या कागदातले हे सर्वांत वजनदार वाक्य आहे.

थांबण्याचा खर्च मी मुद्दाम या बेरजेत धरलेला नाही. माणूस येईपर्यंत जॉब किती दिवस पडून राहिला, हे खरे नुकसान असते, पण त्याला रुपयांत बसवायला गेलात की वाद सुरू होतो. त्याऐवजी रजिस्टरमधून गेल्या सहा महिन्यांतले जॉब काढा आणि दोनच तारखा लिहा: वेल्डिंग संपल्याची आणि डीपी टेस्ट झाल्याची. उत्पादन बघणाऱ्या साहेबांना ते दोन रकाने पुरेसे असतात. कोणत्या टाकीचे डिस्पॅच कशामुळे पुढच्या महिन्यात गेले, हे त्यांना पाठ असते.

एवढा सगळा खर्च एकदम मागण्याची गरजही नाही. तो दोन टप्प्यांत पडतो आणि तसाच दाखवावा. पहिला टप्पा फी, दोन दिवस, डोळ्यांची तपासणी आणि रिटन प्रॅक्टिसचा: २९,९००. दुसरा टप्पा १५,१०० चा, आणि तो सात महिन्यांनंतर, तेही अनुभवाची वही पूर्ण भरली आणि लेव्हल थ्रीने ती मान्य केली तरच. मध्येच ऑर्डरी कमी झाल्या, व्हिजिट सहावरून दोनवर आल्या, तर दुसरा टप्पा थांबवता येतो. पैसे देणाऱ्याला मधे थांबण्याची जागा दिली, की त्याला सुरुवात करणे सोपे जाते. रिटन प्रॅक्टिस मात्र पहिल्याच टप्प्यात हवी. तास तिच्या नियमांनुसार मोजले जाणार असतात. ती नंतर बनवली तर आधीचे तास धरायचे की नाही यावर घोळ होतो.

आता साहेबांच्या मनातला, बहुधा न बोललेला प्रश्न: “शिकून हा सोडून गेला तर?”

याला ‘नाही जाणार, सर’ हे उत्तर पुरेसे नाही. खरे उत्तर या पद्धतीच्या रचनेतच आहे. एसएनटी-टीसी-१ए खालचे लेव्हल टू प्रमाणपत्र मालकाने दिलेले असते, म्हणून नोकरी सुटली की ते संपते. नवा मालक जुन्या प्रशिक्षणाच्या आणि अनुभवाच्या नोंदी धरू शकतो, पण प्रमाणित त्याला स्वतःच करावे लागते. रिटन प्रॅक्टिस, नमुना तुकडे आणि लेव्हल थ्रीशी केलेला करार हे सगळे जुन्या कंपनीतच राहते. म्हणजे ४५,००० पैकी माणसाबरोबर जाणारा भाग मुख्यतः फी आणि दोन दिवस, एवढाच. कौशल्य मात्र बरोबर जाते, हेही लपवू नये.

कंपनीने बाँड मागितला तर तो वाचून, आकडा पाहून सही करावी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. पण याचा अर्थ बाँडला काही किंमत नसते असा नव्हे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो खटला एका सार्वजनिक बँकेच्या भरतीचा होता, आपल्या वर्कशॉपचा नव्हे. तरी ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव सल्ल्यावर कुणी सही करू नये. माझ्या मते या उदाहरणात न्याय्य बाँड असा: प्रमाणपत्र मिळाल्यापासून बारा महिने, रक्कम फक्त फीची, आणि दर महिन्याला ती बाराव्या हिश्शाने, म्हणजे १,००० रुपयांनी कमी होणारी. हा प्रस्ताव तुम्हीच अर्जात ठेवा. कंपनीने स्वतः लिहिला तर तो तीन वर्षांचा आणि पूर्ण रकमेचा असण्याची शक्यता अधिक. शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट असेल, तर तिला मात्र नम्र पण ठाम नकार द्या.

आणखी एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल अर्जदार बोलत नाहीत, पण बोलले पाहिजे. बाहेरचा माणूस सांधा नाकारतो तेव्हा तो संध्याकाळी घरी जातो. घरचा माणूस नाकारतो तेव्हा त्याला उद्या त्याच फोरमनसमोर उभे राहायचे असते. महिनाअखेरीस “अरे, जरा बघ, एवढंसं तर आहे” हे ऐकू येणारच. म्हणून डीपी टेस्टच्या निकालाबाबत तुम्ही उत्पादनप्रमुखाला नव्हे, तर क्वालिटीप्रमुखाला किंवा थेट मालकांना उत्तरदायी असाल, हे अर्जातच लिहून मागा. तपासायची खूणही सोपी आहे. संस्थेच्या गेल्या वर्षीच्या रिपोर्टांत शंभर सांध्यांमागे किती ठिकाणी दोष सापडले ते मोजून ठेवा. वेल्डर तेच, जॉब तेच, आणि तुम्ही टेस्ट करायला लागल्यावर दोष एकदम दिसेनासे झाले, तर वेल्डिंग सुधारलेले नसते. एक तर पृष्ठभाग नीट साफ होत नसतो, पेनेट्रंटला वेळ दिला जात नसतो, किंवा दबाव काम करत असतो. दर तीन महिन्यांनी काही सांधे बाहेरच्या संस्थेकडून पुन्हा तपासून घ्यावेत. प्रेशर व्हेसलच्या शेजारी माणसे काम करतात; इथे वाचलेले पैसे चुकीच्या सहीतून आलेले नसावेत.

अर्ज एका पानाचा पुरे. भाषा कंपनीत जी चालते ती. त्याचा गाभा साधारण असा: “आदरणीय सर, गेल्या बारा महिन्यांत डीपी टेस्टच्या बाहेरच्या व्हिजिटवर झालेला खर्च सोबतच्या बिलांनुसार दिला आहे. त्यातल्या महिन्याच्या चार व्हिजिटचे काम ग्राहकांच्या क्वालिटी प्लॅननुसार आपण स्वतः करू शकतो. त्यासाठी मला दोन दिवसांचे प्रशिक्षण, सात महिने नोंदवलेला अनुभव आणि लेव्हल थ्रीची परीक्षा लागेल. खर्च दोन टप्प्यांत ४५,००० रुपये. पहिल्या वर्षी निव्वळ बचत नाही. त्यानंतर महिन्याला सुमारे ९,००० रुपये. त्या दोन दिवसांत माझे इनवर्ड तपासणीचे काम कोण पाहील, ते त्यांच्याशी बोलून खाली लिहिले आहे. पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळावी ही विनंती.” सोबत बिलांची बेरीज, दोन रकान्यांचा तक्ता, ग्राहकाचे उत्तर आणि संस्थेचे कोटेशन. भारतीय एनडीटी सोसायटीच्या मुंबई-पुण्यातल्या शाखा किंवा खासगी संस्था, दोन ठिकाणांची कोटेशन घ्या. एकच असेल तर खरेदी विभाग अर्ज परत पाठवेल.

वेळही पाहावी. मार्चअखेरीच्या डिस्पॅचच्या गडबडीत हा कागद कुणी वाचत नाही. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचे बजेट आणि प्रशिक्षणाचा आराखडा ठरतो. कंपनीला आयएसओ ९००१ असेल तर कर्मचाऱ्यांच्या सक्षमतेच्या कलम ७.२ साठी ऑडिटर प्रशिक्षणाच्या नोंदी पाहतोच. त्या आराखड्यात तुमचे नाव आधी आले तर अर्ज आयत्या वेळी आलेला वाटत नाही.

तुमच्याकडे महिन्याला एकच व्हिजिट होत असेल, तर हा अर्ज करू नका. त्या वेगाने २१० तास भरायला साडेतीन वर्षे लागतील आणि बचत महिन्याला जेमतेम सव्वादोन हजारांची असेल. अशा कंपनीत इन्स्पेक्टरने दुसरा कोर्स मागावा. सहा व्हिजिट होत असतील तर मात्र उद्याच अकाउंट्समध्ये जा, बारा महिन्यांची बिले मागा आणि अनुभवाची वही सुरू करा.